बाजाराची पिशवी : शाळेंतील हातशिवणीचा एक पाठ

शेतकऱ्याच्या घरांत कापडी पिशवीचें काम रोजचें आहे. दळण गिरणीस न्यावयाचें, आठवड्याच्या बाजारांतून भाजी आणावयाची, शेजाऱ्याकडून बियाणें मागून आणावयाचें, या सर्व कामीं पिशवीच हातांत असते. सन २०१८ सालीं महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या हातपिशव्यांस बंदी झाल्यावर, मी ज्या खेड्यांतील शाळेंत हस्तव्यवसायाचे तास घेतों तेथें, आठवी-नववीच्या मुलामुलींस अशी पिशवी सुईदोऱ्यानें शिवण्यास शिकवावी असें ठरलें. तो पाठ आज जसा चालतो तसा प्रस्तुत लेखांत दिला आहे. वाचकांपैकीं पुष्कळजण आपापल्या गांवच्या शाळेच्या समितीवर असतात, कापडाच्या खर्चास संमति देणें त्यांच्याच हातीं असतें, आणि शिवलेली पिशवी अखेर त्यांच्याच घरीं येते. म्हणून हा विषय या मासिकांत अस्थानीं होणार नाहीं असें वाटतें.

पहिल्या वर्षींचा एक प्रसंग आधीं सांगितला पाहिजे. पिशव्या पुऱ्या होऊन मुलांनीं घरीं नेल्या, त्यानंतर आठच दिवसांनीं एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले व त्यांनीं मुलाची पिशवी माझ्यासमोर ठेवली. "गुरुजी, पिशवी देखणी आहे, पोरानें जीव लावून शिवली आहे, पण काल बाजारांतून येतांना निम्मी ज्वारी रस्त्यावर गेली," असें ते शांतपणें म्हणाले. मुलगा दाराशीं उभा होता, तो आंत आला नाहीं. मीं पिशवी उलटसुलट करून पाहिली. बाजूच्या शिवणी सरळ होत्या, खालचे कोपरे नीट होते, एका बाजूस दोऱ्याचें एक फूलहि काढलेलें होतें. फाटलें होतें तें एकाच ठिकाणीं. एक बंद कांठापासून सुटून लोंबत होता, आणि त्याच्या खालच्या कापडास बोटभर आडवी चीर गेली होती. तो बंद पांचसहा लांब टांक्यांनीं कांठावर नुसता टांचलेला होता.

यांत दोष मुलाचा नव्हता. मीं त्या वर्षीं पाठाची आंखणी अशी केली होती कीं, प्रथम कापणी, मग बाजू, मग तोंडाची दुमड आणि सर्वांत शेवटीं बंद. बंदांची पाळी आली तेव्हां शेवटच्या तासाचीं दहा मिनिटें उरलीं होतीं. पिशवीचा सगळा भार ज्या चार सांध्यांवर येतो, त्यांस मीं दहा मिनिटें दिलीं होतीं, आणि ज्या शिवणींवर भार थोडा येतो त्यांस दोन आठवडे. दुसऱ्या वर्षीं हा क्रम मोडून पाठ उलट्या बाजूनें, म्हणजे बंदाच्या सांध्यापासून, सुरू केला. तीच आंखणी पुढें दिली आहे.

वर्ग २४ विद्यार्थ्यांचा असून आठवड्यांतून एकदां लागोपाठ दोन तास, म्हणजे सुमारें ८० मिनिटें मिळतात असें धरलें आहे. अशा चार बैठका लागतात. पांचवी बैठक मुद्दाम मोकळी ठेवावी, कारण वर्गांत दोनचार मुलें आजारी पडणार व दोनचार मुलांची शिवण उसवावी लागणार हें ठरलेलेंच असतें.

पहिल्या बैठकींत पिशवीचें कापड बाहेर काढूंच नये. प्रत्येकास चिंध्यांचे चार तुकडे, एक सुई व दोरा द्यावा. मुलांस दोन टांके शिकवावयाचे, धावदोरा व हातटीप. धावदोरा बहुतेकांनीं घरीं पाहिलेला असतो, कारण आजीची गोधडी त्याच टांक्यानें भरलेली असते. सुई एकदां खालीं, एकदां वर, अशी पुढें पुढें जाते. हातटिपेंत सुई प्रत्येक वेळीं एक पाऊल मागें येते. टांक्याच्या पुढें वर काढलेली सुई मागील टांक्याच्या शेवटच्या भोंकांत खालीं घालावयाची, आणि कापडाखालून दोन टांक्यांचें अंतर चालून पुन्हा पुढें वर काढावयाची. वरच्या बाजूस यंत्राच्या टिपेसारखी अखंड ओळ दिसते, खालच्या बाजूस दोरे एकमेकांवर चढलेले दिसतात. मुलानें नीट शिवलें कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर कापड उलटून खालची बाजू पाहावी. तेथें मधें मोकळी जागा दिसली तर सुई मागें न येतां पुढें पळाली आहे असें समजावें.

टांका केवढा असावा हें सेंटिमीटरांत सांगून मुलांच्या हातीं बसत नाहीं. मी ज्वारीचे चार दाणे रेघेवर ओळीनें मांडून दाखवितों, आणि एका दाण्याएवढा एक टांका असें सांगतों. हें माप त्यांच्या डोळ्यांत लगेच बसतें.

जें मूल डाव्या हातानें काम करतें त्यास शिक्षकाच्या शेजारीं न बसवितां समोर बसवावें. आरशांत पाहिल्याप्रमाणें त्यास शिक्षकाची उलटी कृति आपली सुलटी होऊन दिसते, व त्याची टीप डावीकडून उजवीकडे आपोआप चालूं लागते. हें मला ठाऊक नव्हतें तोंवर अशा एका मुलीस मीं दोन तास व्यर्थ रडविलें.

दोन्ही टांके जमल्यावर पाठांतील मुख्य प्रयोग करावयाचा. दोन चिंध्या धावदोऱ्यानें व दोन हातटिपेनें एकमेकींस जोडावयास सांगाव्या. मग प्रत्येक जोडाच्या मधोमध कात्रीनें एकच टांका तोडावा व दोन्ही बाजूंस धरून जोड ओढावा. धावदोऱ्याचा जोड तुटल्या ठिकाणापासून दोन्हीकडे सरकत जातो व थोड्या ओढीनेंच वीतभर मोकळा होतो. हातटिपेचा जोड त्या एका टांक्यापुरता उघडतो आणि तेथेंच थांबतो, कारण प्रत्येक टांक्याचा दोरा पुढच्यामागच्या टांक्याखालीं दाबलेला असतो. कोणीतरी हमखास विचारतें, "मग गोधडी कशी टिकते?" प्रश्न चांगला आहे. गोधडीस हजारों टांके असतात आणि भार कोणत्याहि एका जागीं येत नाहीं. तेथें धावदोराच योग्य, हातटिपेनें गोधडी भरावयास एक उन्हाळा पुरणार नाहीं. पिशवीच्या बंदाची गोष्ट वेगळी आहे.

ती वेगळी कशी हें फळ्यावर हिशेब करून दाखवावें. पिशवींत ५ किलो ज्वारी आहे. दोन बंदांचे सांधे चार, म्हणून पिशवी स्थिर लोंबत असतां प्रत्येक सांध्यावर सव्वा किलो भार आला. पण घाईंत एकच बंद हातीं आला तर तोच भार अडीच किलो होतो. एस.टी.त चढतांना पिशवीस हिसका बसला तर तो क्षणभर आणखी वाढतो. आणि हा सर्व भार अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीखालीं येतो. उलट बाजूच्या शिवणी हातभर लांब असून आंतील धान्य त्यांस केवळ बाहेर लोटतें. हा हिशेब एकदां पटला म्हणजे बंदाजवळ आळस करूं नये हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

पहिल्या दिवशीं एखादा मुलगा "हें काम बायकांचें" असें म्हणतोच. मी त्यास बाजार समितींत पोत्यांचीं तोंडें दाभणानें कोण शिवतो एवढेंच विचारतों. त्यापुढें वाद वाढवूं नये.

आतां कापडाविषयीं. आमच्या अनुभवानें कोरा जाड मांजरपाट या कामास उत्तम. तो स्वस्त असतो, त्यावर पेन्सिलीची रेघ उमटते, आणि सुई सहज आरपार जाते. जुन्या साडीचें वा धोतराचें कापड फुकट मिळतें म्हणून पुष्कळ पालक तेंच वापरावें असें सुचवितात. पिशवीच्या अंगास तें एक वेळ चालेल, परंतु बंदास चालणार नाहीं, कारण धुवून धुवून विरलेल्या कापडांत दोरा शाबूत राहतो आणि त्याच्या भोंवतालचें कापडच फाटतें. कापड उजेडासमोर धरून पाहावें. कोठें विरळ जाळी दिसली तर तो भाग बंदास घेऊं नये.

कोऱ्या मांजरपाटास खळ असते व पहिल्या धुण्यांत तो आटतो. यास्तव सर्व कापड घेण्यापूर्वीं ५० सेंटिमीटरांचा एक चौरस धुवून, वाळवून मोजावा. आम्हीं केलेल्या एका मापणींत तो लांबींत ४७ भरला, म्हणजे शंभरास सहा आटला. हें प्रत्येक ठाणास वेगळें येईल, म्हणून दरवेळीं मोजावें. मग सर्व कापड धुवून वाळवून इस्त्री करावें, आणि नंतरच कापावें. धुण्यापूर्वीं शिवलेली पिशवी पुढें आटली तर कापडास सुरकुत्या पडतात, बंद वांकडे होतात, आणि दोष शिवणाऱ्यास लागतो.

दुसऱ्या बैठकींत आंखणी, कापणी व बंद. पिशवीचें अंग एकाच तुकड्याचें घ्यावें, रुंदी ३८ व लांबी ९० सेंटिमीटर. हा तुकडा मधोमध दुमडला म्हणजे तळास शिवणच राहत नाहीं, आणि जेथें शिवण नाहीं तेथें ती उसवतहि नाहीं. रुंदींतील दीड-दीड सेंटिमीटर दोन्ही बाजूंच्या शिवणींत जाऊन ३५ उरतात; तोंडाशीं पांच-पांच सेंटिमीटर दुमडींत जाऊन उंची ४० राहते. बंदांसाठीं ६६ सेंटिमीटर लांब व १० रुंद अशा दोन पट्ट्या लागतात. अंगाची व बंदांची लांबी कापडाच्या उभ्या सुताच्या दिशेनें, म्हणजे किनारीच्या दिशेनेंच असली पाहिजे. आडव्या सुतावर कापलेला बंद भारानें अधिक ताणतो, आणि तिरका कापलेला तर रबरासारखा लांबतो. कापडाची एक चिंधी तिन्ही दिशांनीं ओढावयास सांगितलें तर मुलांस हें स्वतःच कळतें.

चोवीस पिशव्यांस कापड किती लागेल हें मुलांकडूनच काढून घ्यावें, गणिताच्या तासास तेवढीच मदत. कापडाचा पन्हा ९० सेंटिमीटर धरला तर त्यांत अंगाचे दोन तुकडे शेजारीं शेजारीं बसून ७६ सेंटिमीटर जातात. अशा बारा ओळींस १० मीटर ८० सेंटिमीटर लांबी लागली. कडेस जी पट्टी उरली तींतून १० रुंदीचे १६ बंद निघाले. हवेत ४८, म्हणजे ३२ कमी. उरलेले बंद पन्ह्यांत नऊ-नऊ बसवून चार ओळींत निघतात, त्यास आणखी २ मीटर ६४ सेंटिमीटर. एकूण १३ मीटर ४४ सेंटिमीटर. आटण्याची भर घालून सुमारें १४ मीटर ३० होतात, म्हणून १५ मीटर घ्यावें. पन्हाहि थोडा आटतो, पण ७६ व १० मिळून ८६ च वापरले असल्यानें आटलेला पन्हा ८६ पर्यंत भरला तरी अडचण येत नाहीं. त्याहून कमी भरला तर मात्र कडेच्या पट्टीचा नाद सोडून बंदांसाठीं जास्त कापड घ्यावें.

बंद करावयाची रीत अशी. पट्टीच्या दोन्ही लांब कडा मध्यरेषेपर्यंत आंत दुमडाव्या व मग पट्टी पुन्हा मधोमध मिटावी. अडीच सेंटिमीटर रुंदीचा चौपदरी बंद होतो. मात्र दुमडण्यापूर्वीं पट्टीच्या चारहि कोपऱ्यांतून लांबींत १ सेंटिमीटर व रुंदींत अडीच सेंटिमीटर एवढा तुकडा कापून टाकावा. दिसण्यांत क्षुल्लक असा हा काप फार उपयोगाचा आहे. बंदाचें टोंक पुढें आंत मुडपावयाचें असतें. कोपरे न कापतां मुडपलें तर तेथें बंदाचेच आठ पदर होतात, त्यांत पिशवीचे दोन मिळून दहा. मुलांच्या हातानें सुई त्यांतून जात नाहीं, मग तीं कडेकडेनें टांके घालतात, आणि सांधा कच्चा राहतो. कोपरे कापल्यावर मुडपलेलें टोंक दुपदरी राहतें, एकूण पदर आठ होतात व सुई जाते. पहिल्या वर्षींच्या पुष्कळ सांध्यांत टांके कडेस कां होते, याचा उलगडा मला हें करून पाहिल्यावर झाला. मुलांनीं आळस केला असें मी समजत होतों. वस्तुतः त्यांची सुईच आंत जात नव्हती.

बंदाची उघडी कड धावदोऱ्यानें शिवली तरी चालते, कारण तेथें ओढ शिवणीच्या लांबीच्या दिशेनें असते, शिवण उघडणारी नसते.

तिसरी बैठक बाजूंच्या शिवणींची. धान्याच्या पिशवींत कापडाच्या सुट्या कडा आंत राहिल्या तर त्यांचीं सुतें धान्यांत मिसळतात. म्हणून कड आंत झांकणारी दुहेरी शिवण घ्यावी. प्रथम पिशवी सुलट बाजू बाहेर ठेवून दुमडावी आणि दोन्ही बाजू कडेपासून अर्धा सेंटिमीटर अंतरावर धावदोऱ्यानें शिवाव्या. लोंबणारीं सुतें कापून पिशवी उलटावी, शिवण नखानें दाबून चपटी करावी, आणि आतां कडेपासून एक सेंटिमीटर अंतरावर हातटीप घालावी. कच्ची कड दोन शिवणींच्या मधें कायमची बंद होते. पहिल्या शिवणीचीं सुतें नीट न कापल्यास तीं दुसऱ्या शिवणींतून बाहेर डोकावतात, व मग तीं उपटतांना शिवण सैल होते. एकेक बाजू ४५ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही मिळून सव्वादोनशें टांके. नवशिक्या मुलास यास अर्धा तास सहज लागतो. घाई करूं नये.

दोरा किती लांब घ्यावा यावर या बैठकींत वाद होतो. मुलें पुन्हा ओंवावें लागूं नये म्हणून फार लांब दोरा घेतात, तो पिळा खातो, गांठी पडतात, आणि गांठ सोडविण्यांत जितका वेळ जातो तितक्यांत तीनदां सुई ओंवून झाली असती. बोटाच्या टोंकापासून कोपरापर्यंत व वर वीतभर, एवढा दोरा पुरे. हातटिपेस शिवणीच्या लांबीच्या सुमारें साडेतीन पट दोरा लागतो, हेंहि मुलांनीं मोजून पाहावें.

चौथ्या बैठकींत तोंडाची दुमड व बंदाचे सांधे. तोंडाची कड एक सेंटिमीटर व मग चार सेंटिमीटर आंत दुमडून खालच्या कडेनें शिवावी. येथें दरवर्षीं एक चूक होतेच. पिशवी आतां गोल झालेली असल्यानें सुई पलीकडच्या बाजूंतहि जाते व पिशवीचें तोंडच शिवलें जातें. वर्गांत हंशा होतो, पण त्या मुलाचा अर्धा तास जातो. पिशवीच्या आंत वही किंवा पाटी सरकवून मग शिवावें म्हणजे हें टळतें.

मग सांधे. बाजूच्या शिवणीपासून ८ सेंटिमीटर अंतरावर चारहि ठिकाणीं खूण करावी. बंदाचें टोंक एक सेंटिमीटर मुडपून तो पिशवीच्या आंतल्या बाजूस, दुमडीवर तीन सेंटिमीटर चढवून, टांचणीनें पक्का करावा. बंदास पीळ पडला नाहीं ना, आणि त्याचीं दोन्ही टोंकें पिशवीच्या एकाच अंगावर आहेत ना, हें शिवण्यापूर्वीं शिक्षकानें स्वतः पाहावें. आतां बंदाच्या कडेकडेनें चौकट व चौकटींत फुली, अशी हातटीप घालावयाची. दोरा दुहेरी घेऊन मेणाच्या वडीवरून ओढावा; मेणानें तो गुळगुळीत होतो व आठ पदरांतून घांसतांना पिंजत नाहीं.

एवढ्या जाडींतून सुई तिरकी घालून एका झटक्यांत टांका काढूं पाहिल्यास ती वांकते किंवा मोडते. येथें सुई उभी खालीं टोंचावी, खालच्या हातानें ओढून घ्यावी, आणि मग खालून पुन्हा उभी वर टोंचावी. काम दुप्पट, पण टांका सरळ बसतो. मधल्या बोटांत अंगुस्तान घातल्याखेरीज हें काम करूं देऊं नये. सुईचें नेढें बोटांत घुसल्याचा अनुभव एकदां आला म्हणजे मूल पुढें आपणहून अंगुस्तान मागतें, पण तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. सुया देतांना मोजून द्याव्या व तास संपतांना मोजून घ्याव्या, आणि सुई तोंडांत धरणाऱ्यास त्या दिवशीं पुन्हा सुई देऊं नये.

चौकटीस एक दोरा व फुलीस दुसरा दोरा वापरावा, एकाच दोऱ्यानें दोन्ही करूं नयेत. कारण असें कीं, पुढें कधीं चौकटीचा दोरा झिजून तुटला तरी फुलीचा दोरा स्वतंत्रपणें धरून राहतो, आणि दुरुस्तीस अवधि मिळतो. प्रत्येक दोऱ्याच्या अखेरीस एकाच जागीं तीन टांके घालून मगच गांठ मारावी. केवळ गांठीवर विसंबूं नये, ती कापडांतून निसटून येते.

हौशी मुलें येथें टांके अगदीं बारीक घालतात, म्हणजे सांधा अधिक पक्का होईल असें त्यांस वाटतें. हा समज मोडला पाहिजे. टपालाच्या तिकिटांचा कागद कसा फाटतो? जवळजवळच्या भोंकांच्या ओळीवरच. एका आडव्या सुतावर लागोपाठ बारीक टांके घातले तर कापडाची तीच स्थिति होते. वर सांगितलेल्या त्या पहिल्या पिशवीची चीर अशीच एका आडव्या ओळीवर गेली होती. सगळे टांके कांठाशीं एकाच रेघेंत होते. चौकटीच्या उभ्या बाजू व फुलीच्या तिरक्या रेघा भार निरनिराळ्या सुतांवर वांटून देतात, हेंच त्या आकृतीचें सर्व प्रयोजन. मासे धरण्याच्या जाळ्याचा नायलॉनचा दोराहि याच कारणानें वापरूं नये. तो तुटत नाहीं हें खरें, परंतु तो सुती कापडास करवतीसारखा कापतो. दोरा तुटला तर पुन्हा शिवतां येतें. कापड कापलें गेलें तर ठिगळ लावावें लागतें.

एका सांध्यास दहा मिनिटें लागतात, चारांस चाळीस. दुमडीस वीस मिनिटें धरलीं तरी बैठकींत वेळ उरतो, आणि ज्यांचा उरत नाहीं त्यांस पांचवी बैठक आहेच.

परीक्षेस गुण देण्यासाठीं मी पिशवी हातांत घेऊन पाहत बसत नाहीं. पडवीच्या आढ्यास एक आडवी काठी बांधलेली आहे. प्रत्येक पिशवींत वजन करून ५ किलो ज्वारी भरावी, ती दहा मिनिटें काठीस टांगावी, मग उतरवून तीन वेळां हिसक्यानें उचलावी, दोनदां दोन्ही बंदांनीं व एकदां एकाच बंदानें. खालीं ताडपत्री अंथरलेली असावी. त्यानंतर पिशवी रिकामी करून सांधे उजेडासमोर धरावे. टांक्यांचीं भोंकें गोल राहिलीं असतील तर सांधा उत्तम. भोंकें, विशेषतः चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांजवळचीं, लांबट होऊन त्यांतून उजेड दिसूं लागला असेल तर कापड फाटण्याच्या वाटेवर आहे. त्या सांध्यावर आंतून दुसरें कापड लावून पुन्हा शिवावें. बंद व पिशवी यांच्यामध्यें फट पडून दोरा उघडा दिसूं लागला तर टांके सैल आहेत. ते उसवून पुन्हा घालण्याखेरीज उपाय नाहीं. या कसोटींत ज्याची पिशवी नापास होते त्यास गुण कमी देऊं नयेत, सांधा दुरुस्त करून पुन्हा टांगण्यास सांगावें. शाळेंत ताडपत्रीवर सांडलेली ज्वारी गोळा करतां येते.

पांच किलोंच्या पुढें आम्हीं ही पिशवी तपासलेली नाहीं, व पालकांसहि तसें स्पष्ट सांगतों. दहा किलोंचें दळण हिच्यांत नेऊं नये, त्यासाठीं पोतेंच बरें. पिशवी खांद्यास अडकवावयाची असेल तर बंद वीतभर लांब ठेवावे, आणि सायकलीच्या दांड्यास अडकवावयाची असेल तर चाकांत जाणार नाहीं इतके आंखूड. ओली भाजी आणल्यावर पिशवी उलटी करून वाळवावी. ओलसर घडी घालून ठेवलेल्या मांजरपाटावर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

ज्या गृहस्थांनीं ती पहिली पिशवी आणून दिली, त्यांचा मुलगा दुसऱ्या वर्षीं नववींत आला. मीं त्यास पुन्हा नवी पिशवी शिवावयास न सांगतां ती जुनीच दिली. त्यानें चीर गेलेला कांठ कापून टाकला, नवी दुमड घातली, आणि चारहि सांधे चौकट-फुलीनें बसविले. कांठ कापल्यामुळें पिशवी सात सेंटिमीटर बुटकी झाली. काठीस टांगल्यावर तिच्यांत ज्वारी गळ्यापर्यंत आली, पण सांध्यांचीं भोंकें गोलच राहिलीं. फूल जिथल्या तिथें होतें.